‘आईचं दूध दहा हजार’: वळूच्या पानाचं चिकित्सक वाचन

मागच्या लेखाखाली दोघा-तिघांनी विचारलं होतं की संशोधनाची तयारी करताना ‘आकडेवारीकडे टीकात्मक नजरेनं बघा’ असं सगळे सांगतात, पण ते करायचं कसं? म्हणून आज एखादा शोधनिबंध न घेता एक साधं पान घेतलंय. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांबरोबर वळूची माहिती देणारं जे पान किंवा पत्रक असतं, ते. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं आपण या पानाचं परीक्षण करू. ते काय सांगतं, काय सांगतंय असं भासवतं आणि कशाबद्दल गप्प बसतं, हे पाहू.

प्रसंग शनिशिंगणापूरच्या शिवारातला आहे. क्षेत्रकामासाठी नेवासे तालुक्यात फिरताना एका गोठ्यावर थांबले होते. सहा संकरित गायी, दोन कालवडी. आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन संकराच्या गायीलाही ‘जर्शी’च म्हणतात, तशा या ‘जर्शी’ गायी. त्यातली एक कालवड सकाळी माजावर आली होती, म्हणजे संध्याकाळी भरवायची. रेतन करणारे दादा कंटेनर घेऊन आले होते आणि त्यांच्याकडे तीन वेगवेगळ्या वळूंच्या कांड्या होत्या. मावशींनी फोनवरचा एक फोटो माझ्यापुढे धरला. “ह्या वळूच्या आईचं दूध दहा हजार किलो हाय म्हणं. हाच टाकू का?” आणि लगेच, जरा आवाज खाली आणून, “मागल्या साली पहिलारू कालवड अडली व्हती. वासरू गेलं, अन् ती पुन्हा गाभणच राहिना. शेवटी घोडेगावच्या बाजारात नेली.”

म्हणजे प्रश्न एका कांडीच्या किमतीचा नव्हता. चुकीची कांडी पडली तर वासरू, एक वेत आणि कधीकधी गायच जाते. तीन वळूंची तीन पानं आम्ही ओट्यावर बसून वाचली. वळूंचे क्रमांक मी मुद्दाम देत नाही आणि हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

पहिलं पान तरुण संकरित वळूचं. त्यावर त्याचा फोटो, आईचा फोटो आणि आईचं एका वेताचं दूध, १०,००० किलो. दुसरं पान ‘सिद्ध’ संकरित वळूचं. ५० मुलींच्या नोंदी, दुधाचं पैदासमूल्य अधिक ६४० किलो, फॅटचं टक्क्यांत मूल्य अधिक ०.१०, विश्वासार्हता ८० टक्के. तिसरं पान परदेशी शुद्ध होल्स्टीन वळूचं. त्यावर हजारो मुली आणि दूध, फॅट, मुलींची प्रजननक्षमता, विण्यातली सुलभता असे चारही रकाने भरलेले.

पान पहिलं: आईचा आकडा किती वजनाचा?

पहिल्या पानावर दोष काढणं सोपं आहे, पण दोष नेमका कुठे हे कळायला हवं. आईचं दूध हा खोटा आकडा नाही. तो वळूबद्दल फार थोडं सांगतो, एवढीच अडचण आहे.

हिशोब करून पाहू. दहा हजार किलो कशाच्या तुलनेत, हा पहिला प्रश्न. समजा त्याच गोठ्यातल्या, त्याच काळात व्यालेल्या गायींची सरासरी ६,००० किलो होती. म्हणजे आई ४,००० किलोंनी वरचढ. पण हे ४,००० किलो सगळे रक्तातले नाहीत. त्यात खुराक आहे, व्यवस्थापन आहे, नशीबही आहे. दुधाची आनुवंशिकता साधारण ०.३० धरली तर ४,००० पैकी १,२०० किलो आईच्या जनुकांचे. त्यातला अर्धा वाटा वळूकडे आला, ६०० किलो. वळूकडून त्याच्या मुलीकडे पुन्हा अर्धा, म्हणजे ३०० किलो. फोटोखाली छापलेल्या दहा हजारांतून मावशींच्या गोठ्यात जन्मणाऱ्या कालवडीच्या वाट्याला अपेक्षेनं येतात ते एवढे तीनशे. आणि गोठ्याची सरासरी ६,००० ऐवजी ९,००० असती तर पंचाहत्तर. पानावर गोठ्याची सरासरी दिलेलीच नव्हती.

दुसरा प्रश्न या तीनशेवर भरवसा किती ठेवायचा, हा. आईच्या एकाच वेतावरून वळूचं मूल्य काढलं तर त्याची विश्वासार्हता आनुवंशिकतेच्या एक चतुर्थांश असते. ०.३० भागिले ४, म्हणजे साडेसात टक्के. का? कारण आईनं मुलाला आपल्यातली कोणती अर्धी जनुकं दिली हे आईच्या दुधावरून कळूच शकत नाही. एकाच गायीचे दोन सख्खे मुलगे वळू म्हणून अगदी वेगळे निघू शकतात, आणि त्यांच्या पानांवर आईचा आकडा मात्र एकच छापला जाईल. वळूच्या स्वतःच्या जनुकीय चाचणीचा आकडा सोबत असेल तर गोष्ट वेगळी, कारण ती चाचणी मुलाला नेमकं काय मिळालं हेच पाहते. या पानावर तो आकडा नव्हता.

म्हणून पहिलं पान वाचताना माझा निष्कर्ष असा: हा वळू वाईट आहे असं नाही, तो अजून माहीत नसलेला वळू आहे. कांडी स्वस्त असेल आणि एखाद-दुसऱ्या गायीवरच वापरायची असेल तर चालेल. सगळा गोठा त्याच्यावर लावायचा नाही.

पान दुसरं: ‘सिद्ध’ म्हणजे किती सिद्ध?

दुसरं पान खरं वाचण्यासारखं. संततिचाचणीत तरुण वळूच्या कांड्या बऱ्याच गावांत वाटतात. त्याच्या मुली जन्मतात, कानात बिल्ला लागतो, त्या मोठ्या होऊन वितात आणि मग महिन्यातून एकदा नोंद घेणारा माणूस सकाळ-संध्याकाळचं दूध मोजतो. त्यावरून ३०५ दिवसांचं वेत काढलं जातं. वेळ किती लागतो पाहा. वळू दोन वर्षांचा, नऊ महिने गर्भकाळ, संकरित कालवड व्यायला साधारण तीन वर्षं आणि वर दहा महिन्यांचं वेत. वळू सिद्ध होईपर्यंत साडेसहा वर्षांचा होतो. या संयमाबद्दल अशा पानाला आधी मान द्यायला हवा.

पण आता ‘अधिक ६४०’ हा आकडा उलगडू. या वळूच्या मुली आपापल्या गावातल्या, त्याच हंगामात व्यालेल्या इतर गायींपेक्षा सरासरी ४०० किलो जास्त देत होत्या, असं समजा. मुलगी वळूचा अर्धाच वाटा दाखवते म्हणून दुप्पट करायचं, ८०० होतात. मग ६४० कुठून आले? मुली मोजक्या असल्या की त्यांचं वरचढपण अंशतः योगायोगाचं असतं, म्हणून आकडा दाबला जातो. किती दाबायचा याचं सोपं सूत्र पदव्युत्तर वर्गात तुम्ही शिकला असाल:

```
विश्वासार्हता = n / (n + k)
k = (4 - h²) / h²
```

इथे n म्हणजे मुलींची संख्या आणि h² म्हणजे आनुवंशिकता. मुली वेगवेगळ्या गोठ्यांत विखुरलेल्या आणि प्रत्येकीची एकच नोंद असं धरलंय. प्रत्यक्षात आज सगळ्या नातेवाइकांची माहिती एकत्र घेऊन गणित होतं, पण समज येण्यासाठी हे सूत्र पुरेसं आहे. दुधासाठी k सुमारे १२.३ येतो. ५० मुलींना विश्वासार्हता ८० टक्के, म्हणून ८०० चे ६४० झाले. याच वळूच्या १० मुली असत्या तर विश्वासार्हता ४५ टक्के आणि मूल्य ३६० च्या आसपास. मुलींचं सरासरी वरचढपण तेच, तरी छापलेला आकडा वेगळा.

इथे बरेच विद्यार्थी एक चूक करतात, मीही केली होती. पैदासमूल्य ६४० आणि विश्वासार्हता ८० टक्के दिसली की ते ६४० ला पुन्हा ०.८० नं गुणतात. तसं करू नका. शंका आधीच वजा झालेली आहे. विश्वासार्हता फक्त एवढं सांगते की पुढे आणखी मुली आल्यावर हा आकडा किती हलू शकतो. आणि तो वर-खाली दोन्हीकडे हलू शकतो. म्हणूनच कमी विश्वासार्हतेचे वळू वापरायचे असतील तर एकच न वापरता चार-पाच वापरतात. एक घसरला तर दुसरा वर जातो.

आता या पानावरची माझी मुख्य तक्रार. ‘विश्वासार्हता ८० टक्के’ पानाच्या वरच्या कोपऱ्यात, ठळक अक्षरात, एकदाच छापली होती. वाचणाऱ्याला वाटतं की सगळं पानच ८० टक्के खात्रीचं आहे. तसं होऊ शकत नाही. दूध किंवा फॅटसारखे गुण बऱ्यापैकी आनुवंशिक असतात. मुलींची प्रजननक्षमता मात्र फारच कमी, साधारण ०.०४ धरतात. तोच हिशोब केला तर k ९९ येतो आणि त्याच ५० मुलींवरून प्रजननक्षमतेची विश्वासार्हता जेमतेम ३४ टक्के निघते. विण्याच्या सुलभतेसाठी आनुवंशिकता ०.०८ धरली तर पन्नास नोंदींना ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एकाच कागदावर, एकाच वळूबद्दल, एक वाक्य पक्कं आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसरं जवळजवळ अंदाज आहे. कोपऱ्यातला एक टक्का या तिघांना एकाच रांगेत बसवतो.

तुम्ही कुठलाही तक्ता वाचाल तेव्हा हा प्रश्न विचारा: प्रत्येक रकान्याचा भरवसा वेगळा दिलाय का?

फॅट: टक्के की किलो?

मावशींना फॅटचा रकाना नेमका कळला. डेअरीवर रोज त्याचीच पावती मिळते. तरीही इथे फसायला होतं.

दुधाचं प्रमाण आणि फॅटचे टक्के यांच्यात आनुवंशिक संबंध उलटा असतो. दूध वाढवणारे वळू बहुधा टक्के खाली आणतात. गणितासाठी दुसऱ्या वळूशेजारी एक चौथा, कल्पनेतला वळू उभा करू: दूध अधिक १,००० आणि फॅट उणे ०.१०. गोठ्याची सरासरी ३,००० किलो दूध आणि ३.६ फॅट धरू. मुलीला अर्धं-अर्धं मिळतं. दुसऱ्या वळूची मुलगी ३,३२० किलो दूध ३.६५ फॅटनं देईल, म्हणजे वर्षाला सुमारे १२१ किलो फॅट. चौथ्याची मुलगी ३,५०० किलो दूध ३.५५ नं, म्हणजे सुमारे १२४ किलो फॅट. टक्क्यांत मागे असलेला वळू किलोंत थोडा पुढे निघाला. किलोवर पैसे मिळत असते तर चौथा बरा.

पण आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात होते. इथे वळणाची जागा आहे. गोठा ३.६ वर असेल तर ३.५५ ला काही बिघडत नाही. गोठा आधीच ३.५ वर असेल तर चौथ्या वळूची मुलगी ३.४५ वर उतरते आणि तिच्या प्रत्येक लिटरला कपात लागते, फक्त वाढलेल्या दुधाला नाही. त्यात एप्रिल-मे मध्ये उन्हानं आणि हिरव्या चाऱ्याच्या ओढीनं फॅट अजून खाली येतं. एक पॉइंट कुणाला काहीच लागत नाही आणि कुणाचं वर्षभराचं गणित मोडतं.

एकत्रित निर्देशांक काढताना बहुधा फॅटच्या प्रत्येक पॉइंटला सारखीच किंमत देतात. सरळ रेषा. डेअरीचा दर मात्र पायरीसारखा आहे. म्हणून पानावरचा निर्देशांक वाचण्याआधी गोठ्याच्या मागच्या वर्षभराच्या पावत्या बघाव्यात. मावशींच्या पावत्यांवर पावसाळ्यात ३.७ आणि मे महिन्यात ३.४ होता. म्हणजे पायरीच्या अगदी काठावर. त्यांच्यासाठी टक्के अधिक असलेला वळू हाच योग्य, मग किलोंत दोन-तीन कमी पडले तरी.

‘गाभण राहते का?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न

प्रजननक्षमतेच्या रकान्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण शब्द एकच आणि गोष्टी तीन.

पहिली गोष्ट कांडीची. आपल्याकडच्या मानकानुसार ०.२५ मिलिलिटरच्या कांडीत दोन कोटी शुक्रजंतू असावे लागतात आणि वितळवल्यावर निम्मे तरी हलते हवेत. ही झाली त्या मात्रेची गुणवत्ता. कांडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून वारंवार वर-खाली झाली किंवा ३७ अंशांच्या पाण्याऐवजी हातावर चोळून वितळवली, तर वळू कितीही सिद्ध असो, काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट वळूचं गर्भधारणेचं प्रमाण. त्याची कांडी टाकल्यावर शंभरातल्या किती गायी गाभण राहतात? हा आकडा रेतन करणाऱ्याच्या हातावर, माज ओळखण्यावर आणि गायीच्या अवस्थेवर इतका अवलंबून असतो की या गोष्टी वेगळ्या न काढता तो छापला तर त्याला अर्थ राहत नाही. शिंगणापुरात तर आणखी एक मजा. शनी अमावस्येला रस्ते गाड्यांनी असे भरतात की दादांना गोठ्यावर पोचायलाच अर्धा दिवस जातो. त्या दिवशी उशिरा भरवलेल्या गायी उलटल्या तर दोष वळूच्या नावावर चढतो.

तिसरी गोष्ट त्या वळूच्या मुलींची. त्या स्वतः मोठ्या झाल्यावर, दूध देत असताना, वेळेत गाभण राहतात का? हीच खरी आनुवंशिक नोंद आणि ती मिळायला सगळ्यात उशीर लागतो. जास्त दूध आणि मुलींची कमी प्रजननक्षमता यांचा आनुवंशिक संबंध आहे, हे जगभर दिसून आलंय. फक्त दुधावर वळू निवडत गेलं की पिढी-दोन पिढ्यांनी गायी उलटायला लागतात आणि आपण खुराकाला दोष देतो.

दुसऱ्या पानावर ‘प्रजननक्षमता: उत्तम’ एवढंच लिहिलं होतं. तिघांपैकी कोणती? ते पानही सांगत नव्हतं आणि दादांनाही माहीत नव्हतं. मोजमाप आणि एकक नसलेला शब्द हा विशेषण असतो, माहिती नव्हे.

आणि ‘सिद्ध’ या शब्दाची मर्यादा बघायची असेल तर अमेरिकेतल्या एका होल्स्टीन वळूची गोष्ट लक्षात ठेवा. ‘पॉनी फार्म अर्लिंडा चीफ’ हा १९६२ साली जन्मलेला वळू. त्याच्या हजारो मुली होत्या, दुधाची नोंद अव्वल होती, जगभरच्या होल्स्टीन जातीत त्याचं रक्त पसरलं. अनेक दशकांनी जनुकीय अभ्यासात दिसलं की त्याच्यात एका जनुकाची मोडकी प्रत होती. ती प्रत आई-बाप दोघांकडून आली की गर्भ टिकत नाही. २०१६ साली अमेरिकी संशोधकांनी तो बदल नेमका शोधून काढला आणि त्यापायी जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत असा अंदाज मांडला. चीफच्या पानावर हे का नव्हतं? कारण पानावर जन्मलेल्या मुलींच्या नोंदी होत्या. जे जन्मलंच नाही ते नोंदीत येत नाही, ते गोठ्यात ‘गाय उलटली’ एवढंच दिसतं. आता अशा दोषांची चाचणी होते, आणि परदेशी पानांवर वळूच्या नावाशेजारी जी बारीक अक्षरं असतात ती त्याचीच खूण असते. ती अक्षरं वगळून वाचू नका.

पान तिसरं: भरलेले रकाने आणि दुसऱ्याचा शून्य

तिसरं पान पाहून दादा म्हणाले, “ताई, ह्याच्यात तर सगळंच हाय.” खरंच होतं. पण आकडा वाचण्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

एक, एकक. त्या पानावर दूध अधिक १,१०० होतं, पण अमेरिकी पानावर ते पौंडांत असतं. म्हणजे ५०० किलो. दोन, तिथे छापतात ते वळूचं पूर्ण पैदासमूल्य नव्हे, तर मुलीकडे जाणारा अर्धा वाटा. म्हणजे हे ५०० आधीच अर्धे केलेले आहेत. दुसऱ्या पानावरचे ६४० मात्र पूर्ण आहेत, मुलीला त्यातले ३२०. नुसतं ‘६४० आणि ५००’ असं बघणारा उलट निष्कर्ष काढेल.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, शून्य कुठला? अमेरिकेत दर पाच वर्षांनी शून्य नव्या पिढीवर सरकवतात. एप्रिल २०२५ पासून तो २०२० साली जन्मलेल्या गायींच्या सरासरीवर आहे. आपल्या संततिचाचणीचा शून्य म्हणजे आपल्या गावांतल्या संकरित गायी. दोन वेगवेगळ्या जमिनींवर उभं राहून उंची मोजल्यासारखं हे आहे. दोन्ही पानं एकमेकांशी थेट तुलना करण्याजोगी नाहीतच. शिवाय तिथल्या मुली थंड हवेत, मोजून दिलेल्या आहारावर वाढल्या. इथे उन्हाळा चाळीस अंशांचा आणि चाऱ्यात उसाचं वाढं. कमी दुधाच्या गोठ्यात वळूंमधला फरक आकुंचन पावतो, आणि काही वेळा त्यांचा क्रमही बदलतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांची ‘फुले त्रिवेणी’ तयार केली ती याच हवामानाला तोंड देण्यासाठी. तिथला आकडा इथे आणताना हा संदर्भ हरवतो.

विणं: कालवडीचा रकाना

मावशींची भीती या रकान्याची होती, म्हणून आम्ही इथेच जास्त वेळ घालवला. विण्यातली सुलभताही दोन प्रकारची असते. एक, या वळूचं वासरू सहज बाहेर येतं का? हा वासराचा गुण, मुख्यतः त्याच्या आकाराचा. दोन, या वळूची मुलगी पुढे स्वतः सहज विते का? हा मुलीच्या कटिभागाचा आणि ताकदीचा गुण. कालवड भरवताना पहिला रकाना बघायचा. दुसरा बघून कांडी निवडली तर लाभ जवळजवळ चार वर्षांनी, आणि तोवर आजची कालवड अडलेली असू शकते.

तिसऱ्या पानावर पहिल्या रकान्यात ‘२’ होता. म्हणजे शंभर पहिलारू कालवडींत दोन अवघड वेणी अपेक्षित. फार छान. पण त्या कालवडी पूर्ण वाढीच्या शुद्ध होल्स्टीन. मावशींची संकरित कालवड छातीच्या घेराच्या फितीवर जेमतेम अडीचशे किलो भरली. तिच्या पोटात शुद्ध होल्स्टीन वळूचं वासरू म्हणजे तोच ‘२’ राहील असं धरता येत नाही.

दुसऱ्या पानावर हा रकाना कोराच होता. मग आम्ही दादांची स्वतःची वही काढली. त्या वळूच्या कांडीनं व्यालेल्या बारा कालवडी सापडल्या, अडलेली एकही नाही. मावशी खूश झाल्या. मी तुम्हाला मात्र सांगते, खूश होण्याआधी एक सोपा नियम वापरा. एकूण नोंदींत वाईट घटना शून्य असेल तर ३ भागिले नोंदींची संख्या, ही साधारण वरची मर्यादा. ३ भागिले १२, म्हणजे २५ टक्के. बारापैकी शून्य याचा अर्थ ‘धोका नाही’ असा नसून ‘खरा धोका शंभरात पंचवीसपर्यंतही असू शकतो’ एवढाच आहे. तरीही ही नोंद याच शिवारातल्या, याच अंगाच्या कालवडींची होती, ही तिची जमेची बाजू.

वहीत नसलेली गाय

एक गोष्ट तिन्ही पानांत कुठेच नव्हती. मागच्या वर्षी अडलेली ती कालवड बाजारात गेली. तिच्या दुधाची नोंद झाली नाही, ती उलटली याचीही नाही. वळूच्या खात्यावर ती ‘नोंद अपूर्ण’ म्हणून गळाली असणार. ज्या मुली आजारी पडतात, कमी दूध देतात, गाभण राहत नाहीत, त्या आधी विकल्या जातात, आणि सरासरी उरलेल्यांची निघते. पानावर ‘५० मुली’ लिहिलेल्या असतात. पण ५० मुलींचं वेत पूर्ण होण्यासाठी किती जन्मल्या होत्या, हे नसतं. ५५ की ९०? दोन्ही वळूंचं पान सारखंच दिसेल.

मला विचाराल तर वळूच्या पानात पहिली दुरुस्ती हीच हवी: जन्मलेल्या मुली, व्यालेल्या मुली आणि वेत पूर्ण केलेल्या मुली, असे तीन आकडे शेजारी-शेजारी. दुसरी, प्रत्येक गुणाची विश्वासार्हता वेगळी. तिसरी, आईचा फोटो हवा तर ठेवा, पण आकड्यासोबत गोठ्याची सरासरीही द्या. यातल्या कशालाही नवं संशोधन लागत नाही. नोंदवहीत हे सगळं आधीच असतं, पानावर उतरत नाही एवढंच.

आमचा निर्णय असा झाला. कालवडीला दुसऱ्या वळूची कांडी, वहीतल्या बारा नोंदींच्या भरवशावर आणि फॅटच्या टक्क्यांसाठी. तिसऱ्या वळूची कांडी दोन मोठ्या, दोन-तीन वेतं झालेल्या गायींना, ज्यांना वासराचा आकार पेलतो आणि ज्यांना खुराक देणं परवडतं. पहिला वळू एका गायीवर. भरवल्यावर मावशींनी कांडीवरचा वळू क्रमांक आणि गोठवल्याची तारीख वहीत उतरवून घेतली. ते मी मुद्दाम करायला लावलं, कारण तीन वर्षांनी या कालवडीची मुलगी माजावर येईल तेव्हा तिला चुकून बापाचीच कांडी पडू नये.

हा लेख लिहितेय तेव्हा कालवड चौथ्या महिन्यात आहे. ती सुखरूप व्याली तर मला बरं वाटेल, पण तेवढ्यानं आमची निवड बरोबर होती हे सिद्ध होणार नाही. अडली तर चूक होती हेही नाही. वहीत बाराच्या तेरा होतील, एवढंच.